लाखाने भागलेले शिसे

पिण्याच्या पाण्यात शिसे किती चालेल याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजेच १० मायक्रोग्रॅम. आयएस १०५०० या मानकात काही घटकांना, दुसरा पाणीपुरवठा नसेल तर, थोडी सूट दिलेली असते. शिशाला तीही नाही. त्यामुळे एखाद्या बोअरवेलच्या नमुन्यात ९ मायक्रोग्रॅम आहे की ११, यावर ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे ठरते. एवढा बारीक फरक सांगायचा, तर प्रयोगशाळेतल्या यंत्राला आधी दाखवावे लागते, की १० मायक्रोग्रॅम म्हणजे नेमके किती. त्यासाठी ज्यात लिटरला बरोबर १० मायक्रोग्रॅम शिसे आहे असे द्रावण हाताने तयार करावे लागते.

विकत मिळते ते स्टॉक सोल्युशन. छोट्या बाटलीत, पातळ नायट्रिक आम्लात विरघळवलेले शिसे असते आणि सोबत प्रमाणपत्र: लिटरला १००० मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅमच्या भाषेत हे लिटरला १० लाख मायक्रोग्रॅम झाले. आपल्याला हवेत १०. म्हणजे स्टॉक एक लाख पट विरल करायचे.

हे एका दमात का करू नये? १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये लाख पट विरलन करायचे तर स्टॉक घ्यावे लागेल फक्त १ मायक्रोलिटर, मिलिलिटरचा हजारावा भाग. मायक्रोपिपेटने तेवढे घेता येते, पण टोकाला बाहेरून चिकटलेला ओलावासुद्धा त्या मापाच्या तुलनेत मोठा ठरतो. उलट १ मिलिलिटर नीट मोजून घ्यायचे ठरवले, तर १०० लिटरचा पिंप लागेल, आणि पिंपाच्या मानेवर खूण कोरलेली नसते. म्हणून टप्प्याटप्प्याने जायचे. प्रयोगशाळेत याला सीरियल डायल्यूशन म्हणतात. आधीच्या टप्प्यातले द्रावण पुढच्या टप्प्याचे स्टॉक होते.

आपल्या लाख पटींचे तीन टप्पे करू. पहिल्या टप्प्यात स्टॉकचे १ मिलिलिटर पिपेटने १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये सोडायचे आणि खुणेपर्यंत पातळ नायट्रिक आम्ल भरायचे. विरलन १०० पट, संहती १००० वरून १० मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसऱ्या टप्प्यात या द्रावणाचे १ मिलिलिटर पुन्हा १०० मिलिलिटरपर्यंत न्यायचे. आणखी १०० पट, म्हणजे सुरुवातीपासून १०,००० पट, आणि संहती ०.१ मिलिग्रॅम, म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. तिसऱ्या टप्प्यात यातले १० मिलिलिटर १०० मिलिलिटरपर्यंत. हा टप्पा फक्त १० पटींचा. एकूण १,००,००० पट, संहती १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पटींची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा: १०० गुणिले १०० गुणिले १०. घाईत २१० लिहिणारा विद्यार्थी भेटतोच.

वहीत पटी लिहिण्याइतकीच उपयोगी दुसरी वाट आहे, आणि मला ती जास्त भरवशाची वाटते: शिशाचा माग काढायचा. स्टॉकच्या १ मिलिलिटरमध्ये १००० मायक्रोग्रॅम शिसे होते. ते सगळे पहिल्या फ्लास्कमध्ये गेले आणि १०० मिलिलिटरमध्ये पसरले, म्हणजे दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. त्यातला १ मिलिलिटर उचलला, तेव्हा १० मायक्रोग्रॅम दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेले आणि तिथे दर मिलिलिटरला ०.१ राहिले. त्यातले १० मिलिलिटर तिसऱ्यात गेले, म्हणजे एकूण १ मायक्रोग्रॅम शिसे, १०० मिलिलिटरमध्ये. लिटरला १०. पटींचा हिशोब आणि शिशाचा हिशोब एकाच आकड्यावर आले, तर दशांशचिन्ह कुठे सरकले नाही याची खात्री होते. न आले, तर कोणत्या टप्प्यावर वाटा फुटल्या तेही लगेच दिसते.

लाखाने भागूनही या शेवटच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये शिशाचे सुमारे २९ लाख कोटी अणू असतात. आयसीपी-एमएससारखे यंत्र, जे अणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वस्तुमानानुसार मोजते, ते या संहतीला सहज ओळखते. यंत्राची अडचण नाही. अडचण आहे ती आपण फ्लास्कवर चिकटवलेल्या लेबलची, कारण तिन्ही द्रावणे पाण्यासारखीच स्वच्छ दिसतात. १० मिलिग्रॅमवाले कोणते आणि १० मायक्रोग्रॅमवाले कोणते, हे नुसते पाहून कोणी सांगू शकत नाही.

माप चुकायला फार काही लागत नाही. १ मिलिलिटरच्या चांगल्या, ए वर्गाच्या काचेच्या पिपेटलाही साधारण ०.००८ मिलिलिटरची सूट दिलेली असते, म्हणजे ०.८ टक्के. १० मिलिलिटरच्या पिपेटला ०.०२ मिलिलिटर, म्हणजे ०.२ टक्के. १०० मिलिलिटरच्या फ्लास्कला ०.१ टक्का. म्हणून आपल्या साखळीत जवळजवळ सगळी अनिश्चितता १ मिलिलिटरच्या त्या दोन मापांतून येते. यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. तीनऐवजी पाच टप्पे केले आणि प्रत्येक वेळी १० मिलिलिटरचे १०० केले, तरी लाख पटच होते, आणि टप्पे वाढूनही मापांची एकत्रित अनिश्चितता निम्म्याहून कमी होते. पण मग दोन फ्लास्क जास्त, दोनदा जास्त हाताळणी, आणि धूळ पडण्याच्या दोन संधी जास्त. म्हणून बहुतेक ठिकाणी तीन टप्प्यांचा मधला मार्ग धरतात.

हाताच्या चुका मात्र या सुटीपेक्षा खूप मोठ्या असतात. पिपेट स्टॉकमध्ये बुडवून वर काढली, की तिच्या टोकाला बाहेरून थेंब लटकतो. तो टिश्यूने पुसायचा असतो. पुसला नाही आणि तो फ्लास्कमध्ये गेला तर सुमारे ०.०५ मिलिलिटर जादा गेले, म्हणजे सरळ ५ टक्के. दुसरी चूक मिसळण्याची. फ्लास्कची मान लांब आणि अरुंद असते. खुणेपर्यंत भरल्यावर वरचे आम्ल वरच राहते आणि खालचे शिसे खालीच. बूच लावून फ्लास्क पुन्हा पुन्हा उलटासुलटा करावा लागतो, आणि दर वेळी मानेतला बुडबुडा तळापर्यंत जाऊ द्यावा लागतो. नुसते हलवून पुढचा १ मिलिलिटर उचलला, तर त्यात किती शिसे आले ते कोणालाच माहीत नसते.

खालच्या टप्प्यांवर शिसेही त्रास देऊ लागते. तिसऱ्या फ्लास्कमध्ये सगळे मिळून फक्त १ मायक्रोग्रॅम शिसे आहे. साध्या पाण्यात एवढे कमी शिसे असेल, तर त्यातला काही भाग भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतो आणि संहती तासागणिक घसरते. आम्ल असेल तर शिसे द्रावणात टिकते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर साधे पाणी न वापरता पातळ नायट्रिक आम्ल वापरायचे. द्रावण ठेवायचे ते प्लास्टिकच्या बाटलीत, आणि अगदी विरल द्रावण त्याच दिवशी ताजे करायचे. दुसऱ्या बाजूने, धुळीतून ०.१ मायक्रोग्रॅम शिसे आत पडले तरी संहती १० टक्क्यांनी वाढते. अमेरिकन भूरसायनतज्ज्ञ क्लेअर पॅटरसन यांना हे सर्वांत कठीण रीतीने कळले. उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढताना त्यांना जिथे तिथे जादा शिसे सापडे, आणि ते प्रयोगशाळेच्या हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून येत होते. खोलीच धुऊन, गाळलेल्या हवेची करून त्यांनी काम पुढे नेले आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला. आजही शिशासाठीची भांडी नायट्रिक आम्लात भिजत ठेवतात, आणि दर वेळी शिसे न घातलेला एक फ्लास्क सर्व टप्प्यांतून नेतात. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये शिसे दिसले, तर ते आपणच आणलेले असते.

आता यंत्राची मोजपट्टी. दुसऱ्या टप्प्यातल्या १०० मायक्रोग्रॅमच्या द्रावणातून १, २, ५, १० आणि २० मिलिलिटर वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घेऊन प्रत्येकी १०० मिलिलिटर केले, की १, २, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमची द्रावणे मिळतात. यंत्र प्रत्येकासाठी संकेत देते, आणि ते बिंदू जोडून रेष काढतात. रेष सरळ आली की माणूस निश्चिंत होतो.

तिथेच सावध राहायला हवे. समजा पहिल्या टप्प्यात तो थेंब पुसला गेला नाही. १०० चे द्रावण खरे १०५ झाले आणि पुढची पाचही द्रावणे ५ टक्क्यांनी तीव्र झाली. सगळे बिंदू एकाच प्रमाणात सरकले, म्हणून रेष तितकीच सरळ राहते. पण या पट्टीवर खरे १०.४ मायक्रोग्रॅम असलेले पाणी ९.९ वाचले जाते आणि मर्यादेत बसते. चूक शेवटच्या टप्प्यात असेल तर चित्र वेगळे दिसते. कोणी खुणेपर्यंत भरण्याऐवजी प्रत्येक फ्लास्कमध्ये वरून १०० मिलिलिटर ओतले, तर १ मिलिलिटरचे १०१ होतात आणि २० चे १२०. एक मायक्रोग्रॅमचे द्रावण जेमतेम बदलते, ०.९९ होते, वीसचे मात्र १६.७ वर येते. रेष वरच्या टोकाला वाकते आणि चूक दिसते.

म्हणजे साखळीच्या खालच्या टोकाची ही चूक रेषेतच उघडी पडते, आणि वरच्या टोकाची मुळीच पडत नाही. तिच्यासाठी दुसऱ्या उत्पादकाचे किंवा निदान दुसऱ्या बॅचचे स्टॉक घेऊन, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने, दुसऱ्या पिपेटने १० मायक्रोग्रॅमचे द्रावण स्वतंत्रपणे करायचे आणि ते अनोळखी नमुन्यासारखे यंत्राला द्यायचे. त्याने ९.५ दाखवले, तर दोन साखळ्यांपैकी एकीत कुठेतरी ५ टक्के चुकले आहेत. मग दोघांच्या वह्या शेजारी ठेवून १ मिलिलिटरच्या मापांपासून तपासायला सुरुवात करायची, आणि १०० मायक्रोग्रॅमचे द्रावण ओतून देऊन दोन्ही टप्पे नव्याने करायचे.