अंगठा पोचतो तिथवर

लोकलमध्ये डाव्या हाताने कडी धरलेली आणि उजव्या हातात मोठा फोन. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना ‘aai aali’ टाइप करायला जावं, तर पडद्यावर ‘ssi ssli’ उमटतं. बोट जाड आहे म्हणून असं होत नाही. ‘a’ डाव्या कडेला असतो, उजवा अंगठा तिथवर पोचत नाही आणि अलीकडच्या ‘s’वर टेकतो.

फोन एका हातात धरला की अंगठा मनगटाजवळच्या सांध्यावर कमानीसारखा फिरतो. कमानीच्या मधला भाग त्याला सोपा जातो. पलीकडच्या कडेला तो ताणावा लागतो, तर त्याच्याच खालच्या कोपऱ्यात दुमडावा लागतो. म्हणून चुका कुठे होतात ते आधी पाहावं. दूरच्या अक्षरांऐवजी अलीकडची उमटत असतील, तर कीबोर्ड अरुंद करून अंगठ्याकडे सरकवावा. पुसायची कळ दाबताना खालची एंटर लागत असेल, तर कीबोर्ड फार खाली आहे. तो थोडा वर उचलावा.

जीबोर्डमध्ये स्वल्पविरामाची कळ दाबून धरली की एकहाती कीबोर्डचं चिन्ह दिसतं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीतल्या मेनूमधल्या ‘Resize’ने त्याचा आकार आणि जागा बदलता येते. आयफोनवर पृथ्वीगोलाची किंवा इमोजीची कळ दाबून धरायची आणि डावी किंवा उजवी बाजू निवडायची.

अरुंद करण्याची किंमत मात्र मोजावी लागते. 6.7 इंची फोनचा पडदा साधारण 70 मिलिमीटर रुंद असतो. एका ओळीत दहा कळा असल्या, तर एकेकीला सात मिलिमीटर मिळतात. तोच कीबोर्ड 55 मिलिमीटरवर आणला की साडेपाचच उरतात. देवनागरी मांडणीत ओळीत बहुधा याहून जास्त कळा असतात, त्यामुळे तिथे आणखी दाटी होते. मग दोन्ही बाजूंची शेजारची अक्षरं चुकून लागू लागतात. तसं झालं, की रुंदी थोडी परत वाढवावी. उंची वाढवली तर खालच्या-वरच्या ओळींतली गल्लत कमी होते, पण बाजूची दाटी तशीच राहते. शिवाय उंची फार वाढवली तर सर्वांत वरची ओळ अंगठ्यापासून दूर जाते आणि ज्या संदेशाला उत्तर द्यायचं तोच झाकला जातो. माझ्या मते उंची एकेक पायरी बदलावी, दोन दिवस त्यावर लिहावं आणि मगच पुढची पायरी घ्यावी.

नावामुळे एक घोटाळा होतो. अँड्रॉइड 12पासून फोनच्या सेटिंग्जमध्येही ‘One-handed mode’ आहे, पण तो कीबोर्ड सरकवत नाही. तो पडद्याचा वरचा भाग खाली ओढतो. आयफोनवर हेच काम ‘Reachability’ करते. टाइप करताना अडत असेल तर कीबोर्डची सोय वापरावी, आणि वरच्या कोपऱ्यातलं बटण लांब पडत असेल तर ही.