विश्लेषण : बँकेने ‘ओढलेली’ गाडी खरेच किती स्वस्त पडते?

हप्ते थकले की बँक किंवा वित्त कंपनी गाडी ताब्यात घेते आणि थकबाकी वसूल करण्यासाठी ती लिलावात काढते. जुन्या गाड्यांच्या बाजारात अशा गाडीला ‘ओढलेली गाडी’ म्हणतात. ‘निम्म्या किमतीत मोटार’ हे तिचे नेहमीचे आकर्षण. ग्राहक यार्डात जाऊन इंजिन, रंग आणि टायर पाहतो. पण सौदा फसतो तो बहुतेक वेळा आरसीवरच्या नावामुळे.

गाडी विकणारी बँक तिची मालक असते का?

बहुतेक वेळा नाही. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर मालक म्हणून कर्जदाराचेच नाव असते. बँकेच्या नावाची असते ती फक्त बोजाची, म्हणजे हायपोथिकेशनची नोंद. करारानुसार बँकेला ताबा घेता येतो, पण ताबा आला म्हणून आरटीओतील नोंद आपोआप बदलत नाही. त्यामुळे बोली लावण्याआधी पहिला प्रश्न असा की, ही गाडी आपल्या नावावर नेमकी कोणत्या मार्गाने होणार?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे कर्जदाराने स्वतःहून गाडी परत केलेली असणे. अशा वेळी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० तसेच बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ यांवर त्याची ताजी सही मिळू शकते. फॉर्म ३५ वर बँकेबरोबर नोंदणीकृत मालकाचीही सही लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

कर्जदार सहकार्य करत नसेल किंवा बेपत्ता असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ (५) मध्ये दुसरा मार्ग आहे. बँक फॉर्म ३६ भरून आरटीओकडे अर्ज करते. आरटीओ कर्जदाराला आरसीवरील पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवून म्हणणे मांडण्याची संधी देते. त्यानंतर जुनी आरसी रद्द करून थेट बँकेच्या नावाने नवी आरसी देता येते. ती हाती आलेल्या बँकेकडून गाडी घेणे सर्वात निर्धोक, कारण पुढच्या हस्तांतरात मूळ कर्जदाराच्या सहीची गरजच उरत नाही. मात्र या प्रक्रियेला वेळ लागतो आणि गाडी यार्डात उभी राहून किंमत गमावते. म्हणून बऱ्याच गाड्या ती पूर्ण होण्याआधीच लिलावात येतात.

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. कर्ज देताना घेऊन ठेवलेले कोरे, सह्या केलेले फॉर्म खरेदीदाराच्या हाती दिले जातात आणि ‘एजंट करून देईल’ असे सांगितले जाते. सही जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. शिवाय ऑनलाइन अर्जात नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि गाडी ओढून नेलेला माणूस तो सांगेलच असे नाही.

फॉर्म ३२ चा उल्लेख कुणी केला तर सावध राहावे. तो केंद्र किंवा राज्य सरकारच्या वतीने झालेल्या लिलावातील गाड्यांसाठी आहे. बँकेचा लिलाव त्यात बसत नाही.

यार्डात काय पाहता येते?

लिलाव ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर होतो. गाडी चालवून पाहायला सहसा मिळत नाही. बॅटरी जिवंत असेल तर इंजिन सुरू करू देतात, इतकेच. त्यामुळे सहा-आठ महिने उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत काय बिघडते, हे आधीच धरून चालावे लागते. बॅटरी बहुधा संपलेली असते. हवा कमी झालेले टायर एकाच जागी दबून राहतात. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकड्यातून त्याचे वय कळते. ३५१९ म्हणजे २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. ब्रेक डिस्कवरचा हलका गंज चालवताना निघून जातो. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग मात्र महागात पडते. बॉनेट उघडून तारांची वेष्टणे आणि कोपऱ्यांतला कचरा नीट पाहावा. चासीवर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून घ्यावा, फोटोवर विसंबू नये. दुसरी चावी नसणे ही यार्डातली नेहमीचीच गोष्ट.

बचत नेमकी किती?

जाहिरातीतले ‘निम्म्या किमतीत’ हे नव्या गाडीच्या शोरूम किमतीशी तुलना करून निघते. तुलना व्हायला हवी ती त्याच वर्षाच्या, तितक्याच चाललेल्या गाडीशी. समजा, २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक घरगुती मालकाकडून साडेचार लाखांना मिळते आणि लिलावात ती ३ लाख ४० हजारांना सुटली. वरवर बचत १ लाख १० हजारांची.

आता वरचा खर्च. लिलाव चालवणाऱ्या कंपनीचे शुल्क ८ हजार, टोइंग ४ हजार, चार टायर १८ हजार, बॅटरी साडेपाच हजार, ब्रेक व सर्व्हिसिंग १४ हजार, चावी ६ हजार, विमा १२ हजार, आरटीओ व एजंट ८ हजार आणि थकलेली ई-चलने साडेचार हजार. एकूण ८० हजार. गाडी ४ लाख २० हजारांना पडली. घरगुती मालकाच्या गाडीवरही नाव बदलणे आणि किरकोळ सर्व्हिसिंग यांत १५-२० हजार जातातच, ते धरले तर खरी बचत ४५ ते ५० हजारांची, म्हणजे साधारण दहा टक्क्यांची. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. गाडीगणिक ते बदलतील. पण क्लच किंवा एसी कॉम्प्रेसरसारखे एकच मोठे काम निघाले तरी ही बचत संपते.

यापेक्षा फार स्वस्तात गाडी का सुटत नाही, याचेही कारण साधे आहे. समोर बोली लावणारे बहुतेक जण जुन्या गाड्यांचे डीलर असतात. दुरुस्तीचा अंदाज त्यांना तुमच्यापेक्षा चांगला असतो आणि त्यांचे मेकॅनिक त्यांना स्वस्त पडतात. एखाद्या गाडीवरून सगळे डीलर मागे हटले आणि ती तुम्हाला सुटली, तर आनंदापेक्षा शंका अधिक यायला हवी.

बोलीआधी काय तपासावे?

गाडीचा क्रमांक वाहन पोर्टलवर टाकला की बोजा कुणाचा, विमा कधी संपला आणि गाडी ‘ब्लॅकलिस्ट’ आहे का, हे कळते. ई-चलने वेगळी पाहावीत. परराज्यात नोंदलेली गाडी महाराष्ट्रात आणायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि इथला कर नव्याने भरावा लागतो. स्वस्त दिसणाऱ्या दिल्ली-हरियाणाच्या गाड्यांत फायदा इथेच विरघळतो.

बँकेकडे ताबा घेतल्याची पोलिसांना दिलेली सूचना आणि विक्रीआधी कर्जदाराला धाडलेली नोटीस यांच्या प्रती मागाव्यात. कर्जदार जप्तीविरुद्ध न्यायालयात गेला असेल, तर हस्तांतर तिथेच अडू शकते. बोलीच्या अटींत दोन गोष्टी शोधाव्यात : सर्वोच्च बोली बँकेच्या मंजुरीवर अवलंबून आहे का, आणि कागद ठरल्या मुदतीत न मिळाल्यास पैसे परत मिळणार का. दुसरे कलम अनेकदा नसतेच. तसे असेल तर अनामत रक्कम भरण्याआधी बँकेच्या अधिकाऱ्याकडून ईमेलवर उत्तर घ्यावे, यार्डातल्या माणसाचा शब्द पुरत नाही.

नाव होईपर्यंत गाडी यार्डातून आणून वापरायला सुरुवात करण्याचा मोह टाळावा. आरसी कर्जदाराच्या नावावर असताना खरेदीदाराला स्वतःच्या नावाने विमा मिळणे अवघड असते. जुन्या मालकाची पॉलिसी चालू असली तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा खरेदीदाराच्या नावाने उभा राहत नाही.