फोन हरवल्यावर स्टीमचं खातं कसं परत मिळतं?

माझ्या भाच्याचा फोन दादरच्या गर्दीत कुणीतरी मारला. घरी आल्यावर त्याला फोनपेक्षा जास्त काळजी लागली ती स्टीमच्या खात्याची. पाच-सहा वर्षांत घेतलेले गेम त्यात होते आणि लॅपटॉपवर लॉगिन करताना स्टीम गार्डचा पाच अक्षरांचा कोड मागत होतं. तो कोड दाखवणारं ॲप हरवलेल्या फोनमध्ये. "दुसरं सिम काढलं की कोड येईल ना, मामा?" असं त्यानं विचारलं. अनेकांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

हा कोड मेसेजनं येत नाही. ॲपमध्ये स्टीम गार्ड सुरू करताना एक गुप्त चावी तयार होते. ती स्टीमकडे राहते आणि आपल्या फोनमध्येही. दोन्हीकडे ती चावी आणि घड्याळातली वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी तोच कोड निघतो. त्यासाठी सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. म्हणून नव्या फोनमध्ये जुन्या नंबरचं सिम घातलं आणि ॲप उतरवून घेतलं, तरी जुनी चावी परत येत नाही. ती मोडीत काढून नवी बनवावी लागते आणि त्याआधी खातं आपलंच आहे हे स्टीमला पटवावं लागतं.

ते पटवण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग रिकव्हरी कोडचा. हा कोड `R12345` अशा धर्तीचा, म्हणजे R आणि पुढे अंक असा असतो. स्टीम गार्ड सुरू करताना ॲप तो दाखवतं आणि लिहून ठेवायला सांगतं. भाच्यानं तो लिहिला नव्हता, स्क्रीनशॉट काढला होता, आणि तो स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये होता.

दुसरा मार्ग नंबरचा. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर `help.steampowered.com` वर जाऊन ऑथेंटिकेटर हरवल्याचा पर्याय निवडायचा. मग त्या नंबरवर एसएमएस येतो. भाच्यानं दुसऱ्याच दिवशी ओळखपत्र देऊन त्याच नंबरचं सिम काढलं. ते संध्याकाळी सुरू झालं, कॉल येऊ लागले, पण एसएमएस मात्र येईना. त्यानं चार वेळा कोड मागवला. स्टीमचं काही बिघडलं नव्हतं. आपल्याकडे सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे कुणी फसवून आपल्या नंबरचं सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये. अशा वेळी पुन्हा पुन्हा कोड न मागवता एक दिवस थांबावं. तिसऱ्या दिवशी एसएमएस आला आणि जुना ऑथेंटिकेटर काढता आला.

नंबरही बंद झालेला असेल, तर तिसरा मार्ग उरतो: खरेदीचा पुरावा. याच पानावरून मदतीची विनंती पाठवायची आणि त्यात जुन्या खरेदीचे तपशील द्यायचे. ईमेलवर आलेली पावती, बँकेच्या स्टेटमेंटमधला व्यवहार क्रमांक, डबाबंद गेम घेतला असेल तर त्याच्या आतली की. जितकी जुनी खरेदी, तितका पुरावा भक्कम, कारण खातं चोरणाऱ्याकडे ती माहिती सहसा नसते. कार्डाचा पिन, सीव्हीव्ही किंवा बँकेचा ओटीपी मात्र कुठेही लिहायचा नाही.

याच दिवसांत भाच्याला एका चॅटवर 'स्टीम सपोर्ट' म्हणवणारा माणूस भेटला आणि खातं लगेच सोडवून देतो म्हणाला. स्टीमची माणसं चॅटवर स्वतःहून येत नाहीत. अशा माणसाला एसएमएसचा कोड दिला, तर खातं त्याच्या हाती जातं.

खातं हातात आल्यावर भाच्यानं आधी ईमेलचा आणि मग स्टीमचा पासवर्ड बदलला, कारण चोराच्या हातातल्या फोनमध्ये त्याचा ईमेल उघडाच होता. गेम लगेच खेळता आले. पण ऑथेंटिकेटर काढल्यामुळे गेममधल्या वस्तूंच्या देवाणघेवाणीवर १५ दिवसांचं बंधन आलं. त्याला ते जाचक वाटलं. पण चोरानं खातं उघडलंच, तर मौल्यवान वस्तू रातोरात दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत, म्हणूनच तो अवधी असतो.

नव्या फोनवर स्टीम गार्ड सुरू केल्यावर नवा R कोड मिळाला. जुना आता निकामी. हा नवा कोड त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि ती वही बहिणीनं रेशनकार्डाच्या फायलीत ठेवली. तुमचा फोन आत्ता हातात असेल, तर ॲपच्या स्टीम गार्ड विभागातल्या सेटिंगमध्ये तुमचाही कोड दिसेल. तो कागदावर उतरवायला मिनिटभर लागतं. भाच्याचे तीन दिवस त्या एका मिनिटापायी गेले.