अर्थिंगच्या रोधाचे मापन : मिठाचा खड्डा की कोळशाचा?

तीन मीटर लांबीची व १६ मिलिमीटर व्यासाची सळई १०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत उभी गाडली असता तिचा रोध सुमारे ३३ ओहम भरतो. २३० व्होल्टचा पुरवठा यंत्राच्या आवरणास चिकटल्यास या वाटेने सात अँपिअर प्रवाहही वाहत नाही. साहजिकच १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहतो आणि आवरणातील धोकाही कायम राहतो. म्हणून खड्डा भरून झाल्यावर रोध मोजणे आवश्यक ठरते.

मापनापूर्वी पुरवठा बंद करून अर्थची तार सोडवावी. सळईपासून ३० मीटरवर प्रवाहाची आणि त्याच रेषेत १८.५ मीटरवर दाबाची खुंटी ठोकावी. दाबाची खुंटी दोन मीटर मागे व पुढे सरकवून पुन्हा मोजावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर सरासरी ग्राह्य धरावी. त्यांत मोठी तफावत पडल्यास प्रवाहाची खुंटी अधिक दूर न्यावी.

मीठ ओलाव्यात विरघळून सळईभोवतालच्या मातीची रोधकता झपाट्याने उतरवते. परंतु पावसाच्या पाण्याबरोबर ते झिरपून जाते व लोखंडास गंजवते. कोळसा विरघळत नाही, ओलावा धरून ठेवतो. मात्र भोवतालची जमीन सुकली की तोही सुकतो. सबब दोन्ही खड्ड्यांची तुलना एकाच दिवशी, मे महिन्यातील कोरड्या जमिनीत करावी आणि पावसाळ्यानंतरच्या पुढील उन्हाळ्यात पुन्हा पडताळावी. मिठाच्या खड्ड्याचा आकडा तेव्हा चढलेला आढळल्यास मीठ वाहून गेले, असे समजावे.