डबीवरील मजकूर कसा वाचावा? : अश्वगंधा व हळदीच्या कॅप्सूलविषयी

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की निवासी विद्यार्थ्यांच्या पेट्यांत वह्या-पुस्तकांबरोबर एखादी कॅप्सूलची डबीही येऊ लागते. कोणी ती स्मरणशक्तीसाठी पाठविलेली असते, कोणी उंचीसाठी, तर कोणी केवळ ‘अंगात ताकद यावी’ म्हणून. पाठविणाऱ्या आईवडिलांनी त्या डबीसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी खर्च केलेली असते. विकत घेणाऱ्याने डबीची पुढची बाजू पाहिलेली असते. मागच्या बाजूचा बारीक मजकूर मात्र बहुधा कोणी वाचत नाही. वास्तविक आपण कशासाठी पैसे मोजतो आणि पोटात काय घालतो, याचे उत्तर त्या मागच्या बाजूलाच असते. तो मजकूर कसा वाचावा हे आम्ही येथे मुख्यत्वे अश्वगंधेच्या उदाहरणाने सांगणार आहोत. हळदीचा विचार त्याच ओघात येईल.

सोयीसाठी अश्वगंधेच्या तीन डब्या समोर आहेत असे मानू. नावे घेण्याचे कारण नाही. या तिन्ही प्रकारचा मजकूर बाजारात सर्रास आढळतो.

पहिल्या डबीवर ठळक अक्षरांत ‘अश्वगंधा १०००’ असे छापलेले आहे. मागे पाहिले तर ‘एका वेळचे प्रमाण : २ कॅप्सूल’ आणि ‘प्रत्येक कॅप्सूलमध्ये अश्वगंधा मूळ चूर्ण ५०० मि.ग्रॅ.’ असे लिहिले आहे. म्हणजे पुढचा हजाराचा आकडा एका कॅप्सूलचा नसून दोन कॅप्सूलचा आहे. दुसरी गोष्ट अशी की, हे चूर्ण आहे, अर्क नाही. वाळविलेले मूळ दळून कॅप्सूलमध्ये भरले, एवढीच त्यावरील प्रक्रिया. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात अश्वगंधेच्या मूळचूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे. त्यातील किमान ३ ग्रॅम गाठायचे तर रोज सहा कॅप्सूल लागतील आणि साठ कॅप्सूलची डबी महिनाभर नव्हे, दहाच दिवस पुरेल. डबीवर लिहिल्याप्रमाणे रोज दोनच घेतल्या, तर त्या किमान मात्रेचा एक तृतीयांश भाग पोटात जातो. येथे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, कारण मजकूर खराच आहे. परंतु तेच चूर्ण सुटे मिळत असेल, तर अधिकचे पैसे औषधासाठी नव्हे, कॅप्सूलच्या कवचासाठी व डबीसाठी मोजले जातात.

दुसऱ्या डबीवर ‘अश्वगंधा मूळ अर्क ३०० मि.ग्रॅ., विथानोलाइड ५ टक्के, एचपीएलसी पद्धतीने’ असा मजकूर आहे. येथे ‘प्रमाणित अर्क’ ही संकल्पना समजून घ्यावी लागते. वनस्पती हे काही कारखान्यातील रसायन नव्हे. जमीन, पाऊस, काढणीचा हंगाम आणि साठवण यांनुसार तिच्यातील द्रव्ये कमीजास्त होतात. एका शेतातील मूळ दुसऱ्या शेतातील मुळासारखे नसते. म्हणून पाण्यात अथवा अल्कोहोलसारख्या द्रावकात मुळातील द्रव्ये उतरवून घेतात, द्रावक उडवून देतात आणि उरलेल्या अर्कात एखाद्या ठराविक द्रव्यसमूहाचे प्रमाण प्रत्येक घाण्यात सारखेच राहील अशी काळजी घेतात. अश्वगंधेत हा समूह विथानोलाइडांचा, तर हळदीत कर्क्युमिनॉइडांचा. टक्केवारी कळली की हिशेब सोपा होतो : ३०० मि.ग्रॅ.चे ५ टक्के म्हणजे १५ मि.ग्रॅ. विथानोलाइड. दिवसातून दोन कॅप्सूल घेतल्यास ३० मि.ग्रॅ. हा आकडा दुसऱ्या कोणत्याही डबीशी ताडून पाहता येतो.

मापनपद्धतीचा उल्लेखही निरर्थक नाही. एचपीएलसी या पद्धतीत अर्कातील द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करून नेमकी तीच मोजली जातात. केवळ वजनावर आधारलेल्या जुन्या पद्धतीत सोबतचे इतर पदार्थही हिशेबात येतात आणि टक्केवारी फुगते. त्यामुळे दोन डब्यांवरील टक्केवारी वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेली असेल, तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

काही डब्यांवर टक्केवारीऐवजी ‘१०:१’ असे गुणोत्तर असते आणि ‘५० मि.ग्रॅ. अर्क, ५०० मि.ग्रॅ. मुळाच्या बरोबरीचा’ असे लिहिलेले असते. दहा किलो मुळापासून एक किलो अर्क निघाला, एवढाच त्याचा अर्थ. ते मूळ कसदार होते की निकृष्ट आणि अर्कात नेमके काय उतरले, हे त्या गुणोत्तरावरून कळत नाही. गुणोत्तर म्हणजे प्रमाणीकरण नव्हे.

तिसऱ्या डबीवर ‘अश्वगंधा अर्क ५०० मि.ग्रॅ., विथानोलाइड १० टक्के’ असा मजकूर आहे. हिशेब केला तर एका कॅप्सूलमध्ये ५० मि.ग्रॅ. विथानोलाइड भरतात, दुसऱ्या डबीच्या तिपटीहून अधिक. आकड्यावर विश्वास ठेवणारा ग्राहक हीच डबी उचलेल. परंतु या ओळीत एक शब्द गाळलेला आहे आणि तो म्हणजे ‘मूळ’. अर्क वनस्पतीच्या कोणत्या भागाचा, हे येथे सांगितलेलेच नाही.

हा शब्द इतका महत्त्वाचा का? अश्वगंधेचे मूळ मिळवायचे तर सबंध रोप उपटावे लागते, मुळे धुऊन-कापून वाळवावी लागतात. पाने मात्र त्याच शेतात मुबलक आणि स्वस्त मिळतात, आणि त्यांतही विथानोलाइड असतात. पानांचा अर्क मिसळला की कमी खर्चात टक्केवारी वाढविता येते. परंतु ‘विथानोलाइड’ हे एका द्रव्याचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. त्या कुळातील विथाफेरिन-ए हे द्रव्य मुळापेक्षा पानांत बरेच अधिक असते. ते पेशींना मारक ठरू शकते. म्हणूनच प्रयोगशाळांत कर्करोगाच्या पेशींवर त्याचा अभ्यास होतो. आयुर्वेदात पोटात घेण्यासाठी मुळाची परंपरा आहे, पानांची नव्हे. याच कारणाने केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना पानांचा वापर टाळून मूळच वापरण्याविषयी सूचना काढली. अधिक टक्केवारीचा प्रत्येक अर्क पानांचाच असतो असे मात्र म्हणता येणार नाही. मूळ आणि पाने दोन्ही वापरल्याचे उघडपणे लिहिणारेही उत्पादक आहेत. तात्पर्य एवढेच की, वनस्पतीचा भाग ठाऊक असल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. तीन डब्यांपैकी सर्वांत मोठा आकडा तिसरीवर आहे आणि सर्वांत कमी माहितीही तिसरीवरच आहे.

हळदीत भागाचा घोळ सहसा होत नाही, कारण कंदच वापरला जातो. तेथे अडचण वेगळी आहे. ‘हळद तर आपण रोजच खातो’ या भरवशावर कॅप्सूलही निर्धास्तपणे घेतली जाते. घरच्या हळदपुडीत कर्क्युमिनॉइड साधारण ३ टक्के असतात. म्हणजे एका चमच्यात, सुमारे ३ ग्रॅम पुडीत, ते ९० मि.ग्रॅ.च्या आसपास भरतात. ‘हळद अर्क ५०० मि.ग्रॅ., कर्क्युमिनॉइड ९५ टक्के’ अशी कॅप्सूल असेल, तर तिच्यात ४७५ मि.ग्रॅ. भरतात. ते सुमारे पाच चमचे हळदीएवढे होतात, आणि पाच चमचे हळद एका घासात कोणी खात नाही. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिनच्या रोजच्या सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मि.ग्रॅ. ठरविली आहे. चाळीस किलो वजनाच्या मुलासाठी ती १२० मि.ग्रॅ. होते. एकच कॅप्सूल तिच्या जवळजवळ चौपट भरते.

त्याच ओळीत पुष्कळदा ‘पिपेरिन’ हा शब्द असतो. पिपेरिन म्हणजे मिरीतील तिखट द्रव्य. कर्क्युमिन एरवी रक्तात फारच थोडे उतरते. पिपेरिनमुळे ते अनेक पटींनी अधिक उतरते, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. परंतु पिपेरिन केवळ कर्क्युमिनचेच विघटन रोखते असे नाही. इतर काही औषधांचेही विघटन त्यामुळे मंदावते आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वाढू शकते. म्हणून रक्त पातळ करणारी, फिट्सवरील किंवा अन्य नियमित औषधे चालू असणाऱ्याने हा शब्द दिसताच डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. अश्वगंधेच्या बाबतीत थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब यांवरील आणि झोपेची औषधे घेणाऱ्यांनी हीच दक्षता घ्यावी. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ती टाळावी. दोन्ही वनस्पतींच्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती विरळा आहेत, परंतु खरी आहेत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही दिसल्यास कॅप्सूल तत्काळ थांबवून डबीसह दवाखाना गाठावा. डबी सोबत न्यावी, कारण काय घेतले हे डॉक्टरांना तीवरूनच कळेल.

आता दाव्यांकडे वळू. प्रथम परवाना पाहावा. चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे, औषध नव्हे. अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक असते. आयुर्वेदिक औषधावर त्याऐवजी औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. पण परवाना कोणताही असो, तो उत्पादकाला व्यवसायाची अनुमती देतो. डबीवरील प्रत्येक वाक्य सिद्ध झाल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे. एका बाजूला ‘औषधी उपयोगासाठी नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे छापलेले असेल, तर डबी स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब यांच्याबरोबर माणसाच्या उंचीचाही समावेश आहे. कॅप्सूलने उंची वाढवून देण्याची जाहिरात म्हणजे केवळ अतिशयोक्ती नव्हे, ती कायद्याने निषिद्ध आहे. तिची तक्रार जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे करता येते.

‘संशोधनाने सिद्ध’ या शब्दांनाही दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या अर्कावर, आणि कोणावर? अश्वगंधेविषयी वारंवार उल्लेखिला जाणारा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास दीर्घकाळच्या तणावाने त्रस्त अशा ६४ प्रौढांवर झाला. त्यांना विशिष्ट मूळ अर्काच्या ३०० मि.ग्रॅ.च्या दोन कॅप्सूल रोज ६० दिवस दिल्या गेल्या आणि तणाव कमी झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष आमच्या दुसऱ्या डबीला काही अंशी लागू पडू शकेल. पहिल्या डबीतील चूर्णाला अथवा तिसऱ्या डबीतील बेनाम अर्काला तो लावता येत नाही. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याची स्मरणशक्ती वाढेल, असे तर तो अभ्यास म्हणतच नाही.

म्हणून डबी हाती येताच ती प्रथम उलटी करावी. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, चूर्ण की अर्क, किती मिलिग्रॅम व त्याच्या किती टक्के, ते किती कॅप्सूलमध्ये, आणि परवाना अन्नाचा की औषधाचा, हे तेथे शोधावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही हा मजकूर वाचता येतो आणि टक्केवारीचा हा हिशेब त्याने शाळेत केलेलाच असतो. जेथे यांपैकी उत्तर छापलेले नसेल, तेथे ते दुकानदाराच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. डबी परत फळीवर ठेवावी.