इबिड. व तत्सम लॅटिन संक्षेप
इबिड. व तत्सम लॅटिन संक्षेप : संशोधनपर ग्रंथांच्या तळटीपांत एकाच ग्रंथाचा वारंवार निर्देश करावयाचा असता, त्याचा संपूर्ण तपशील पुनःपुन्हा देण्याऐवजी वापरण्यात येणाऱ्या खुणा. ‘इबिड.’ (मूळ रूप इबिडेम, ‘त्याच ठिकाणी’) याचा अर्थ लगतच्या आधीच्या टीपेतील ग्रंथ. ‘ऑप. सिट.’ (ओपेरे सिटाटो, ‘उद्धृत ग्रंथात’) ही खूण लेखकाच्या आडनावापुढे येते आणि त्याच्या पूर्वी निर्दिष्ट केलेल्या ग्रंथाकडे नेते. मध्ये इतर ग्रंथांच्या टीपा आल्या असल्या तरी चालते. ‘लॉक. सिट.’ (लोको सिटाटो, ‘उद्धृत स्थळी’) ग्रंथाबरोबर पृष्ठही तेच असल्याचे सांगते. म्हणून तिच्यापुढे सामान्यतः पृष्ठांक नसतो. मराठी ग्रंथांत पहिल्या खुणेसाठी ‘तत्रैव’ व दुसरीसाठी ‘पूर्वोक्त’ किंवा ‘उपरोक्त’ हे शब्द रूढ आहेत.

या खुणा कशा वाचाव्यात, हे वऱ्हाडच्या इतिहासावरील एखाद्या प्रबंधातील टीपांवरून स्पष्ट होते. पुढील टीपा नमुन्यादाखल रचल्या आहेत; त्यांतील ग्रंथ खरे असून पृष्ठांक मात्र काल्पनिक आहेत.

(१) लायल, ए. सी. (संपा.), वऱ्हाड गॅझेटियर, १८७०, पृ. ४०.
(२) इबिड., पृ. ५२.
(३) ब्राउन, सी. व नेल्सन, ए. ई. (संपा.), अकोला जिल्हा गॅझेटियर, १९१०, पृ. ७०.
(४) लायल, ऑप. सिट., पृ. ६१.
(५) लॉक. सिट.
(६) फिट्झजेरल्ड, एस. व्ही. व नेल्सन, ए. ई. (संपा.), अमरावती जिल्हा गॅझेटियर, १९११, पृ. ११२.
(७) नेल्सन, ऑप. सिट., पृ. ७५.

दुसरी टीप लायल यांच्या ग्रंथाच्या ५२ व्या पृष्ठाची आहे. चौथ्या टीपेपूर्वी अकोल्याचे गॅझेटियर आल्याने तेथे ‘इबिड.’ चालत नाही. वाचकाने मागे जाऊन लायल यांचा प्रथम निर्देश शोधावयाचा. तो पहिल्या टीपेत सापडतो. पाचवी टीप चौथीवर अवलंबून असल्याने ती लायल, पृ. ६१ अशी वाचावी.

खरी अडचण सातव्या टीपेत आहे. नेल्सन हे अकोला व अमरावती या दोन्ही गॅझेटियरांचे सहसंपादक असल्याने केवळ आडनावावरून ग्रंथ ठरत नाही. लेखकाला अमरावतीचाच ग्रंथ अभिप्रेत असता, तर लगतच्या टीपेनंतर ‘इबिड.’ लिहिणे पुरेसे होते. त्यावरून येथे अकोल्याचा ग्रंथ असावा असे अनुमान निघते. परंतु ते अनुमानच होय. दोन्ही ग्रंथांचे ७५ वे पृष्ठ उघडून मजकुरातील विधान कोठे आढळते, हे पाहिल्यावरच निर्णय करता येतो. आडनावाऐवजी नुसते ‘अकोला गॅझेटियर, ऑप. सिट.’ असे लिहिले असल्यास वेगळा घोटाळा संभवतो. कारण महाराष्ट्र राज्याने अमरावतीचे गॅझेटियर १९६८ मध्ये व अकोल्याचे १९७७ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले. अशा वेळी प्रथम निर्देशातील प्रकाशनवर्ष पाहावे.

‘इबिड.’चा दोष असा, की तिचा अर्थ स्वतःत नसून शेजारच्या टीपेत असतो. हस्तलिखित सुधारताना टीप १ व २ यांच्यामध्ये या. मा. काळे यांच्या वऱ्हाडचा इतिहास (१९२४) या ग्रंथाची नवी टीप घातली, तर पुढील ‘इबिड., पृ. ५२’ लायल यांना सोडून काळे यांच्याकडे वळते आणि चूक छापील पानावर दिसून येत नाही. निर्दिष्ट पृष्ठावर त्या विषयाचा मागमूस नसणे किंवा पृष्ठांक ग्रंथाच्या एकूण पृष्ठसंख्येहून मोठा असणे, या तिच्या खुणा होत. तसे आढळल्यास आणखी एक टीप मागे जाऊन तेथील ग्रंथ तपासावा. आधीच्या एकाच टीपेत दोन ग्रंथ असतील, तर ‘इबिड.’ त्यांपैकी कोणत्या ग्रंथाला उद्देशून आहे हेही ठरत नाही.

विद्यार्थ्याच्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे अवतरणाबरोबर ‘इबिड., पृ. ५२’ एवढेच टिपून घेणे. मूळ पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर त्या नोंदीचा ग्रंथ ओळखण्याचे साधन उरत नाही. म्हणून टिपण करतानाच खूण सोडवून संपादक, ग्रंथनाम, वर्ष व पृष्ठ पूर्ण लिहावे; तसेच लायल यांचा ग्रंथ प्रत्यक्ष न पाहता प्रबंधातून माहिती घेतली असल्यास त्या प्रबंधाचाही उल्लेख करावा. या अडचणींमुळे शिकागो विद्यापीठाच्या लेखनशैलीविषयक नियमपुस्तिकेच्या १७ व्या आवृत्तीने (२०१७) ‘इबिड.’ऐवजी आडनाव व संक्षिप्त ग्रंथनाम देण्यास पसंती दिली आहे. वरील सातवी टीप ‘नेल्सन, अकोला, पृ. ७५’ अशी लिहिली असती, तर संदिग्धता निर्माणच झाली नसती.