आजीचं गोंदण की बुरशीचा ठिपका? जुना फोटो मोबाईलवर साफ करण्याआधी हे बघा

सोलापूर : ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराचं पाणी नदीकाठच्या गावांत शिरलं. भांडीकुंडी धुऊन घेता येतात, पण ट्रंकेतले जुने फोटो एकदा भिजले की त्यांच्यावर डाग राहतात आणि ओलीने बुरशी धरते. असे फोटो स्कॅन करून मोबाईलवर साफ करता येतात. मात्र डागाबरोबर फोटोतली खरी खूणही पुसली जाते, आणि ते बऱ्याचदा घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

उदाहरणासाठी ४ बाय ६ इंचाचा लग्नाचा काळा-पांढरा फोटो घेऊ. मधोमध घडी पडली आहे आणि ती नवरदेवाच्या फेट्यावरून खाली चेहऱ्यावर उतरते. एका कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग आहे. नवरीच्या कपाळावर आणि हनुवटीवर मिळून सात ठिपके दिसतात. त्यातले तीन गोंदणाचे, बाकीचे बुरशीचे. आता कुठले कुठले, हे ओळखायचं कसं?

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करून घ्यावा, ६०० डीपीआयवर. दुकानदार ‘ब्लॅक अँड व्हाईट’ करून देतो म्हणाला तर नको म्हणावं. रंगीत स्कॅनमध्ये गोंदण बाकीच्या फोटोच्याच रंगात उतरतं, बुरशीचा ठिपका मात्र बहुतेक वेळा तपकिरी किंवा हिरवट दिसतो. बुरशी चेहरा बघून बसत नाही. तसलेच ठिपके साडीवर, भिंतीवर, फोटोच्या पांढऱ्या कडेवरही सापडतात. तरी शंका राहिली, तर मूळ फोटोवर आडव्या बाजूने टॉर्च मारावा. बुरशी वर आलेली किंवा निस्तेज दिसते, गोंदणाच्या जागी पृष्ठभाग सपाट असतो. ओल्या फडक्याने पुसून बघायचा मोह मात्र आवरावा, कारण चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि पाण्याने फुगून निघून येतो.

घडीसाठी आणखी एक युक्ती आहे. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, असे दोन स्कॅन करावेत. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, म्हणून घडीची सावली दुसऱ्या स्कॅनमध्ये बाजू बदलते. जी रेघ दोन्हींत तशीच राहते ती चित्रातली, म्हणजे फेट्याची चुणी. कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का असेल तर तोही सावली बदलतो, त्याला घडी समजून मिटवू नये. फोटो कुठल्या गावात काढला, ते पुढे त्यावरूनच कळतं.

दुकानातून फाईल व्हॉट्सअपवर घ्यायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. फोटो म्हणून आली की तिचा बारकावा कमी होतो. मूळ फाईल तशीच ठेवून कॉपीवर काम करावं.

आधी पाण्याचा डाग घ्यावा. स्नॅपसीडमध्ये Black & White उघडून रंगाच्या फिल्टरमध्ये Red निवडलं की तपकिरी डाग बराच फिका पडतो. त्या डागात लाल उजेड भरपूर असतो, निळा कमी, म्हणून लालमधून बघितल्यावर तो कागदाइतकाच उजळ दिसतो. बुरशीचे तपकिरी ठिपकेही त्यातच फिके होतात, निम्मं काम इथेच होतं. डागाच्या कडेची गडद रेघ तेवढी उरते. फोटो रंगीत असेल, किंवा स्टुडिओवाल्याने हाताने रंग भरलेला असेल, तर हा उपाय चालत नाही. कुंकवाचा लाल रंगही त्यात जाईल.

उरलेल्या ठिपक्यांना Healing. हे टूल ठिपक्याच्या शेजारचा भाग उचलून तिथे बसवतं. त्याला बुरशी कळत नाही आणि गोंदणही कळत नाही, बोट लागेल ते जातं. म्हणून फोटो भरपूर मोठा करून घ्यावा. जितका मोठा, तितका बोटाखालचा भाग लहान. रंगीत स्कॅन बाजूला उघडा ठेवून आपल्या नवरीचे चारच ठिपके टिपावेत, तीन सोडावेत.

घडीवर लांब बोट फिरवलं की फेट्याच्या चुण्या खिरीसारख्या होतात. भिंतीचा भाग आधी, मग कापडाचा, तोही टिंब-टिंब करत. कापड आणि भिंत मिळतात त्या कडेवर टूल भिंत फेट्यात ओढतं. तसं झालं तर लगेच मागे घेऊन आणखी मोठं करून बघावं. घडी डोळ्यावरून गेली असेल आणि तिथला थरच उडाला असेल, तर तो डोळा कुठल्याच टूलकडे नाही. शेजारच्या गालाचा तुकडा तिथे बसेल आणि चेहरा अनोळखी होईल. तिथे पांढरी रेघ राहू द्यावी.

शेवटी साफ केलेला फोटो आणि मूळ स्कॅन घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी-शेजारी दाखवावेत. हनुवटीवर गोंदण होतं की नव्हतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.